दुरुस्ती कर्जाचा हप्ता सभेत कसा समजावून सांगावा

सोसायटीच्या खजिनदारासाठी सर्वांत अवघड भाषण वार्षिक हिशेबाचं नसतं, दुरुस्ती कर्जाचं असतं. हिशेब झालेल्या खर्चाचा असतो. कर्जाच्या भाषणात मात्र पुढची काही वर्षं दर महिन्याला प्रत्येक घरातून किती पैसे जाणार, हे त्या घरातल्या माणसांसमोर उभं राहून सांगायचं असतं.

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीसाठी मी असं भाषण दोनदा केलं. पहिल्या सभेत मी बँकेचा साठ ओळींचा तक्ता पडद्यावर लावला आणि व्याज, मुद्दल, तारण असं पाऊण तास समजावत राहिलो. शेवटी तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "ते सगळं ठीक आहे, पण माझ्या बिलात किती वाढणार?" मला त्यांचा नेमका आकडा सांगता आला नाही. ठराव पुढे ढकलला गेला आणि त्यात एक पावसाळा वाया गेला. दुसऱ्या सभेत मी सुरुवातच त्या आकड्यापासून केली. त्या सभेतला हिशेब इथे मांडतो, थोडे आकडे सोपे करून. तुमच्या इमारतीचे आकडे घातले की तुमचं भाषण तयार होईल.

पहिल्या दोन मिनिटांत आकडा

आमच्या इमारतीत ३२ सदनिका आहेत. त्यांपैकी २० सदनिका ४५० चौरस फुटांच्या आणि १२ सदनिका ६०० चौरस फुटांच्या, म्हणजे एकूण १६,२०० चौरस फूट. मी उभा राहिलो आणि म्हणालो:

"सभासद बंधू-भगिनींनो, आपण ४० लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी घ्यावं असा प्रस्ताव आहे. त्यासाठी दर चौरस फुटाला महिना साडेपाच रुपये लागतील. ४५० फुटांच्या घराला २,४७५ रुपये, ६०० फुटांच्या घराला ३,३०० रुपये. आज लहान घराचं बिल २,५०० येतं, ते ४,९७५ होईल. मोठ्या घराचं २,९०० येतं, ते ६,२०० होईल. साठावा हप्ता भरला की ही वाढ बिलातून जाईल. हा आकडा कसा आला, ते आता सांगतो."

वाढ आणि एकूण बिल, दोन्ही सांगा. नुसती वाढ सांगितली की लोक मनातल्या मनात बेरीज करत बसतात आणि पुढचं ऐकत नाहीत. सभेच्या नोटिशीबरोबरच प्रत्येक सदनिकेच्या नावाने एक चिठ्ठी द्या: क्षेत्रफळ, आजचं बिल, हप्ता, नवं बिल आणि शेवटच्या हप्त्याचा महिना. विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण पाच दिवस आधी द्यावी लागते. तेवढ्या दिवसांत घरात चर्चा होते आणि माणसं प्रश्न घेऊन सभेला येतात.

४० लाख कुठून आले

लोकांना पहिली शंका रकमेची असते. ठेकेदाराचं कोटेशन ४० लाखांचं होतं, पण कर्ज ४० लाखांचं होण्याचं कारण ते नाही. हा योगायोग मला सभेत मुद्दाम उलगडून सांगावा लागला.

कामाचे ४० लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी, ७ लाख २० हजार. आर्किटेक्टची देखरेख जीएसटीसह २ लाख ३६ हजार. जादा कामासाठी राखीव ४ लाख. एकूण ५३ लाख ५६ हजार. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड मिळून आपल्या मुदत ठेवींतून काढता येण्यासारखे होते १३ लाख ५६ हजार. उरले ४० लाख, तेवढंच कर्ज.

यातल्या दोन ओळींवर थोडं थांबावं लागतं. पहिली ओळ जादा कामाच्या राखीव रकमेची. दुरुस्तीचं कोटेशन बाहेरून पाहून केलेलं असतं. सळईला गंज लागला की ती फुगते, आतून काँक्रीटला ढकलते, आणि तडा आपल्याला फक्त प्लास्टरवर दिसतो. किती कॉलम आणि बीम आतून खराब आहेत, हे प्लास्टर ठोकून काढल्यावरच कळतं. म्हणून ठेका एकगठ्ठा रकमेचा न करता बाबवार दराचा करावा. प्लास्टर इतके चौरस फूट, पॉलिमर मॉर्टर इतका, प्रत्येकाचा दर ठरलेला आणि प्रत्यक्ष मोजमाप आर्किटेक्टच्या सहीने. मापं वाढली तर राखीव रकमेतून पैसे जातील, वाढली नाहीत तर तेवढं कर्ज उचलायचंच नाही. हे सभेत बोलून दाखवा. नाहीतर काम निम्मं झाल्यावर पुन्हा पैसे मागायला सभा बोलवावी लागते, आणि त्या सभेत कोणी विश्वास ठेवत नाही.

दुसरी ओळ सिंकिंग फंडाची. हा निधी रोजच्या खर्चाला वापरायचा नसतो. मोठ्या दुरुस्तीसाठी तो वापरताना आर्किटेक्टचा दाखला आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. आपल्या उपविधींतलं कलम सभेत वाचून दाखवा, ठरावात तसा उल्लेख करा, आणि निधी पूर्ण रिकामा करू नका. आम्ही साडेचार लाख मागे ठेवले, कारण काम चालू असताना पंप जळू शकतो आणि लिफ्टही बंद पडू शकते.

समान वाटणी की क्षेत्रफळावर

सभा तापते ती इथे. आमच्याकडे मोठ्या घरांचं म्हणणं होतं की इमारत सगळ्यांची, मग हप्ता सारखाच घ्या. समान वाटणी केली असती तर प्रत्येक घराला २,७८१ रुपये आले असते. लहान घराला महिना ३०६ रुपये जास्त आणि मोठ्या घराला ५१९ रुपये कमी.

इथे खजिनदाराने स्वतःचं मत सांगू नये, उपविधींतलं तत्त्व सांगावं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सगळे खर्च एकाच पद्धतीने वाटलेले नाहीत. सुरक्षारक्षक, सफाई, कार्यालयाचा खर्च यांसारखे सेवाशुल्काचे खर्च आणि लिफ्टचा खर्च प्रत्येक सदनिकेला समान. पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर, दरसाल किमान अनुक्रमे ०.७५ आणि ०.२५ टक्के. आणि मोठ्या दुरुस्तीचा निधी क्षेत्रफळावर. यामागचा विचार सरळ आहे. रखवालदार दोन्ही घरांसाठी सारखाच जागतो, पण मोठ्या घराच्या वाट्याला भिंत, स्लॅब आणि बाहेरचं प्लास्टर जास्त येतं.

क्षेत्रफळ ठरवताना एक चूक हमखास होते. जुन्या करारनाम्यांत कुणाचं क्षेत्रफळ कार्पेट असतं, कुणाचं बिल्टअप. दोन्ही एकाच यादीत घातली तर वाटणी चुकते आणि ती चूक पाच वर्षं दर महिन्याला छापली जाते. सगळ्यांसाठी एकच माप धरा, यादी सभेआधी पंधरा दिवस फलकावर लावा आणि हरकती लेखी घ्या.

"आमच्या घरात गळत नाही, मग आम्ही का भरायचं?" हा प्रश्न येणारच. तळमजल्यावरच्या सभासदाला सांगा की वरच्या मजल्यांचा भार ज्या कॉलमवर आहे, ते त्याच्याच घरातून खाली जातात. पण त्याच वेळी दुसरी बाजूही मांडा. वरच्या बाथरूममधून खालच्या घरात होणारी गळती ही संबंधित सभासदाने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. ती या कर्जात नाही. गच्ची, बाहेरच्या भिंती, कॉलम-बीम आणि सामाईक पाइप यांचंच काम कर्जातून होणार, हे स्पष्ट झालं की निम्मा विरोध मावळतो.

हप्त्याच्या आत काय असतं

व्याजदर १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का. ४० लाखांवर पहिल्या महिन्याचं व्याज ४०,००० रुपये. बँकेचा हप्ता ८८,९७८ रुपये. म्हणजे पहिल्या हप्त्यातले ४८,९७८ रुपयेच मुद्दलात जमा होतात. पुढच्या महिन्यात व्याज उरलेल्या मुद्दलावर, ३९,५१० रुपये. असं व्याज दर महिन्याला थोडं घटतं आणि मुद्दलाचा भाग वाढतो. सभेत एवढे दोनच महिने फळ्यावर मांडा. तक्त्याच्या साठ ओळी लागत नाहीत.

८८,९७८ ला १६,२०० ने भागलं की चौरस फुटाला ५.४९ रुपये येतात. आम्ही साडेपाच घेतले. त्यामुळे महिन्याला ८९,१०० जमतात, १२२ रुपये जास्त. ही जादा रक्कमही सभेत सांगितली. छोटा आकडा लपवला तर मोठ्या आकड्यावरही लोक शंका घेतात.

मुदत किती घ्यायची, हे सभेनेच ठरवावं. त्यासाठी तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवा:

| मुदत | बँकेचा हप्ता | ४५० फूट | ६०० फूट | एकूण व्याज |
|---|---|---|---|---|
| ३ वर्षं | १,३२,८५७ | ३,६९० | ४,९२१ | ७.८३ लाख |
| ५ वर्षं | ८८,९७८ | २,४७२ | ३,२९५ | १३.३९ लाख |
| ७ वर्षं | ७०,६११ | १,९६१ | २,६१५ | १९.३१ लाख |

पाचाची सात वर्षं केली तर लहान घराचा हप्ता पाचशे रुपयांनी कमी होतो, पण संस्था जवळजवळ सहा लाख जास्त व्याज भरते. निवृत्त सभासद जास्त असतील तर तेही योग्य ठरू शकतं. फक्त किंमत माहीत असताना ठरवावं.

तीन वर्षांचा पर्याय सर्वांत स्वस्त दिसतो, पण त्यात जीएसटीचा मुद्दा आहे. संस्थेची वार्षिक जमा २० लाखांच्या वर असेल आणि सभासदाकडून महिन्याला ७,५०० रुपयांपेक्षा जास्त घेतले जात असतील, तर देखभाल वर्गणीवर १८ टक्के जीएसटी लागू होतो. आमची वार्षिक जमा सुमारे १० लाख होती. पाच वर्षांचा हप्ता मिळवला तर ती २० लाखांच्या पुढे गेली, पण एकाही घराचं बिल ७,५०० च्या वर गेलं नाही. तीन वर्षांच्या पर्यायात मोठ्या घराचं बिल ७,८२१ झालं असतं. दुरुस्तीचा हप्ता या मर्यादेत कसा धरायचा, याबद्दल सीएचं लेखी मत घ्या आणि ते सभेपुढे ठेवा.

बँकेशी बोलताना दोन प्रश्न नक्की विचारा. दर घटत्या शिलकेवर आहे की फ्लॅट? पाच वर्षांच्या फ्लॅट १२ टक्क्यांत पूर्ण ४० लाखांवर पाचही वर्षं व्याज लागतं. व्याज २४ लाख आणि हप्ता १,०६,६६७ रुपये होतो. घटत्या शिलकेच्या भाषेत तो दर सुमारे २० टक्के पडतो. दुसरा प्रश्न, दर स्थिर आहे की बदलता? सुरुवातीलाच दर १३ टक्के झाला तर हप्ता ९१,०१२ होतो, म्हणजे लहान घरामागे महिना सत्तावन्न रुपये. आकडा छोटा आहे, पण तो आधी सांगितलेला असावा.

एकरकमी भरणारे

काही सभासद म्हणतात, "आम्हाला व्याज नको, आमचा वाटा आत्ताच घ्या." ४० लाखांना १६,२०० ने भागलं की चौरस फुटाला २४६.९१ रुपये. लहान घराचा वाटा १,११,१११ आणि मोठ्या घराचा १,४८,१४८. त्यांना संधी द्यावी, पण तारीख ठरवून, कर्ज उचलण्याआधी. तसं केलं तर कर्जच तेवढं कमी घेतलं जातं. आमच्याकडे सहा लहान आणि चार मोठ्या घरांनी एकरकमी भरले. कर्ज १२ लाख ५९ हजारांनी कमी झालं, हप्ता भरणारं क्षेत्रफळ ११,१०० चौरस फुटांवर आलं, आणि चौरस फुटाचा दर तोच साडेपाच राहिला. त्यांनी भरल्यामुळे बाकीच्यांवर ओझं पडत नाही, हे फळ्यावर करून दाखवावं लागतं. ऐकून पटत नाही.

कर्ज सुरू झाल्यावर मधेच कोणी पूर्ण भरू म्हटलं, तर त्याचा उरलेला मुद्दल वाटा बँकेच्या त्या दिवसाच्या शिलकेवरून काढायचा. दोन वर्षं हप्ते भरल्यावर लहान घराने ५९,४०० रुपये दिलेले असतात, पण त्याच्या वाट्याचं मुद्दल अजून ७४,४१४ रुपये शिल्लक असतं. हा आकडा ऐकून धक्का बसतो. म्हणून तो पहिल्याच सभेत सांगितलेला बरा. घर विकताना हाच आकडा लागतो. विकणाऱ्याने तो भरावा किंवा घेणाऱ्याने पुढचे हप्ते लेखी स्वीकारावेत, यातलं एक ठरावात लिहून ठेवा.

कोणी भरलं नाही तर

बँक कर्ज सभासदाला देत नाही, संस्थेला देते. चार लहान घरांनी हप्ता थकवला तर ९,९०० रुपये कमी पडतात आणि बँकेला मात्र पूर्ण हप्ता हवा असतो. अशा वेळी खजिनदार वीज आणि पाण्याचे पैसे इकडे वळवतो. पुढच्या महिन्यात तेही कमी पडतात. एक महिना पाण्याचं बिल उशिरा गेलं की समजावं, गाडी रुळावरून घसरली आहे.

त्यावर आम्ही तीन गोष्टी केल्या. बँकेचा पहिला पूर्ण हप्ता सुरू होण्याच्या दोन महिने आधीच वसुली सुरू केली आणि ती रक्कम राखीव ठेवली. काम चालू असताना बँक टप्प्याटप्प्याने रक्कम देते आणि उचललेल्या रकमेवरच व्याज घेते, त्यामुळे त्या काळात हे जमतं. दुसरं, हप्त्यासाठी वेगळं बँक खातं उघडलं. तिसरं, बिलात 'दुरुस्ती कर्ज हप्ता' अशी स्वतंत्र ओळ घातली. देखभाल शुल्कात तो मिसळला तर पाच वर्षांनी कर्ज फिटलं तरी वाढलेलं बिल तसंच चालू राहतं. शिवाय घर भाड्याने दिलेल्या सभासदाचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं. हप्ता त्यात मिसळला तर तो हिशेबही चुकतो.

थकबाकीवर उपविधींनुसार दरसाल २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज आकारता येतं, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवता येतो. हे सभेत शांतपणे, एकदाच सांगा. आणि ज्याला खरोखरच अडचण आहे, त्याने सभेत बोलण्याऐवजी आपल्याला घरी येऊन भेटावं, असंही सांगा. आमच्याकडे एका घराने पहिले सहा महिने अर्धा हप्ता भरला आणि फरक दिवाळीला भरून काढला. ती सवलत समितीच्या इतिवृत्तात नोंदवलेली होती.

ठराव

सभा संपताना सगळे थकलेले असतात आणि ठराव घाईत लिहिला जातो. मग वर्षभराने त्याच्या शब्दांवरून भांडण होतं. म्हणून ठराव आधीच टाइप करून न्या आणि सावकाश वाचा. आमचा असा होता:

"इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी जास्तीत जास्त ४० लाख रुपयांचं कर्ज, घटत्या शिलकेवर दरसाल १२ टक्क्यांपर्यंतच्या दराने, ६० महिन्यांसाठी घेण्यास ही सभा मंजुरी देते. परतफेडीसाठी प्रत्येक सदनिकेकडून सोबतच्या यादीतील क्षेत्रफळानुसार दर चौरस फुटाला महिना ५.५० रुपये स्वतंत्र ओळीत आकारावेत. ठरलेल्या तारखेपर्यंत एकरकमी वाटा भरणाऱ्या सदनिकेस हप्ता लागू राहणार नाही. दर वाढल्यास नवा आकडा सभेपुढे ठेवावा. कर्ज फिटल्याच्या पुढील महिन्यापासून ही आकारणी बंद होईल."

कर्जाची ही रक्कम आपल्या संस्थेच्या कर्ज उभारणीच्या मर्यादेत बसते का, हे ऑडिटरकडून आधी तपासून घ्या. ठराव झाला आणि मर्यादा आडवी आली, तर सगळं पुन्हा करावं लागतं.

वरच्या ठरावातलं शेवटचं वाक्य तुमच्या ठरावात घालायला विसरू नका. आणि पहिल्या बिलापासून शेवटच्या बिलापर्यंत, हप्त्याच्या ओळीसमोर 'हप्ता १/६०', 'हप्ता २/६०' असं छापा. पुढे खजिनदार बदलला, समिती बदलली, तरी ही आकारणी कधी थांबायची, हे प्रत्येक घराला स्वतःच्या बिलावर वाचता आलं पाहिजे.